अंगठ्याखालचा आकडा

अब्बांचं निगडीला टायरचं दुकान आहे. तिथे माझं काम फोटो वाचायचं. गिऱ्हाईक टायरच्या भिंतीचा जवळून फोटो पाठवतं आणि मी सांगते, हा तुमच्या गाडीला चालेल का. काळ्यावर काळी अक्षरं फोटोत उठत नाहीत, म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग खडू फिरवा, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. अब्बांना हे मुळीच पटत नाही. गाडी दारात उभी राहिल्याशिवाय ते टायरबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी त्यांना जुन्या जमान्याचे म्हणायचे.

एका दुपारी जेवताना एका व्हॅनवाल्या भाऊंचा फोटो आला. ते मूळचे लातूरकडचे. निगडीतून बायकांना दुसऱ्या शिफ्टसाठी निघोज्याच्या कंपनीत सोडायचे. मागचे दोन टायर झिजले होते आणि कुणीतरी त्यांना 'नव्यासारखी' जोडी देत होतं. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन. फोटोत १८५ दिसलं, R14 दिसलं, मधे भाऊंचा अंगठा होता. व्हॅनचं माप तेच. मी 'ओके' टाकलं आणि आमटी वाढून घेतली.

तासाभरानं दुसरा फोटो आला, सोबत मेसेज: "बसवले ताई. हे बघा, बावीस सालचे आहेत!" लंबगोलात चार आकडे होते, २२१७. मला आधी हसू आलं. पहिले दोन आकडे आठवड्याचे असतात, साल शेवटच्या दोनात. म्हणजे टायर सतरा सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. आठेक वर्षांचं रबर, वरून कितीही चकाकू दे.

मग हसू गेलं. तारखेत असं गंडवलं असेल तर बाकीचं काय, म्हणून पहिला फोटो पुन्हा उघडला, मोठा केला. अंगठ्याच्या कडेनं तिरकी रेघ आणि ७० डोकावत होतं; व्हॅनच्या मापात हे ७० नसतंच. मापाच्या पुढे, अगदी कोपऱ्यात, ८८T. व्हॅनच्या टायरवर तिथे १०२/१०० असतं. १०२ म्हणजे एका टायरवर साडेआठशे किलो. ८८ म्हणजे पाचशे साठ. रुंदी तीच, रिम तीच, पण टायर छोट्या कारचा होता. आणि वर अकरा बायका बसणार होत्या.

फोन लावला, उचलेनात. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, याचं मी नेहमी कौतुक करायचे. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

अब्बांना सांगितलं. त्यांनी चप्पल घातली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. माझ्या चालवण्याची त्यांना धास्ती आहे. तळवड्याच्या गर्दीत त्यांनी माझा खांदा असा आवळला की दोन दिवस दुखत होता. मला रडू येत होतं आणि मी पुढच्या डंपरवाल्यावर ओरडत होते.

व्हॅन दिसली ती थेट कंपनीच्या गेटपाशी. मागून जराशी बसलेली. बायका उतरत होत्या, डबे सावरत, हसत. अब्बांनी वाकून मागच्या टायरवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला, इतका तो तापला होता. भिंतीवर बारीक भेगा होत्या.

"भाऊ, हे टायर चालायचे नाहीत," मी म्हणाले.

"असं कसं ताई? तुम्हीच तर ओके म्हणालात की!" त्यांनी फोन काढून माझा मेसेज दाखवला. खरंच होतं ते. पुढे एक हसरा चेहराही टाकला होता मी.

"चूक आमच्या दुकानाची," अब्बा म्हणाले. "रिकामी गाडी हळूहळू दुकानात आणा. परतीच्या आधी बरोबर टायर चढवतो."

सगळ्यात मागे उतरलेली एक वयस्क बाई थांबली होती. निघोज्याचीच, पण मुलाकडे निगडीत राहणारी. तिनं विचारलं, "काय झालं गं पोरी? काय लिवलंय त्यावर?"

मी खाली बसले, बोटानं ८८ दाखवला. "मावशी, हा टायर किती वजन पेलणार, ते इथं लिहिलेलं असतं. हे तुमच्या गाडीला कमी पडतंय."

ती वाकली, आकडा निरखला. मग गेटातून आत चाललेल्या बाकीच्या दहाजणींकडे बघितलं.

"मंजी लिवल्यालं व्हतं," ती म्हणाली. "आन तू वाचलं न्हाईस."

रागानं नाही म्हणाली. भोंगा झाला तशी डबा काखेत धरून लगबगीनं आत गेली.