सासूचं माहेर, सुनेचं माहेर

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सुमारास परभणीत माझा लहान मुलांचा दवाखाना होता. सोनपेठकडच्या एका खेड्यातली पोरगी दर महिन्याला रक्त चढवायला यायची. थॅलेसेमिया होता तिला. तिच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट मुंबईहून इंग्रजीत आला आणि तो वाचायच्या आधीच आजी सुनेवर फणकारली, "हिच्या माहेरचं रक्तच नासकं हाय. माझ्या लेकाला काय झालंय?"

माझं डोकंच फिरलं. सून म्हणजे आजीच्याच थोरल्या भावाची लेक! मी कोरा कागद ओढला आणि साध्या मराठीत उतरवलं. जनुकात बदल एकच, पण पोरीत तो दोनदा आलाय. एक आईकडून, एक बापाकडून. आईबाप नुसते वाहक, स्वतः ठणठणीत. बदल बहुधा दोघांच्या एकाच आजा-आजीकडून आलेला. तपासायचं कुणाला? आईबापाची भावंडं, सासू, तिचे भाऊ, आणि लग्नाआधी त्या भावांची मुलं.

सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, "मावशी, तिचं माहेर म्हणजे तुमचंच माहेर की!"

सासूनं बोटांवर भाऊ मोजले. मग म्हणाली, "असं हाय व्हय? मग थोरल्याच्याच घरात खोट हाय. लेकाला आता दुसरी बायको धाकट्या भावाची पोरगी करते."

मी तपासणीची यादी परत ओढली आणि धाकट्या भावाच्या त्या पोरीचं नाव सगळ्यांच्या वर लिहिलं. पेनानं कागद फाटला.