विनाथांबा

गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशीने उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, आणि ठेवायचा विचारही नव्हता. पण धाकट्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. आईच्या शेवटच्या आजारात मावशी आगगाडीने निघाली होती आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मावशी विमानाला घाबरली म्हणून उशीर झाला, हे धाकटी विसरली नव्हती. या वेळी तिने फोनवर एवढंच म्हटलं, "तू येणार नाहीस, मला माहीत आहे."

मावशी तडक विमानाची तिकिटं काढणाऱ्या मुलीच्या दुकानात गेली. तिच्या लग्नातले ब्लाउज मावशीनेच शिवलेले, त्यामुळे मुलीने कंटाळा करायचा प्रश्नच नव्हता. तिने पहाटेचं विमान काढलं. स्वस्त होतं, शिवाय डायरेक्ट.

"म्हणजे मध्ये थांबत नाही ना?"

"थांबतं एकदा. पण विमान तेच. तुम्ही उतरायचं नाही, बसून राहायचं."

मावशीचा चेहरा पडला. बस थांबली की ती उतरायचीच, आणि एकदा बस तिला न घेताच पुढे गेली होती.

"मला विनाथांबा दे. तेही दिवसाढवळ्याचं. पहाटेच्या माणसांना काही विचारलं तर ती आधी जांभई देतात."

मुलीने दुपारचं नॉनस्टॉप काढलं आणि सगळं पढवलं. काउंटरवर मोठी बॅग द्यायची, बोर्डिंग पास घ्यायचा, मग तपासणी, मग गेट. कात्री मोठ्या बॅगेत; हातातल्या पिशवीत सापडली तर ठेवून घेतील. कात्री देण्यापेक्षा बोट देईन, असं म्हणत मावशीने कात्री बॅगेच्या तळाशी घातली.

तपासणीला यंत्र वाजलंच. गळ्यातल्या मापाच्या टेपच्या टोकांना पितळी पट्ट्या होत्या.

"ही काढायची राहिली का?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"ही काढलेली मला अजून कोणी पाहिलेली नाही," मावशी म्हणाली, आणि लाज सोडून टेप ट्रेमध्ये ठेवली.

पुढे गेट बदललं. मावशीने झाडूवाल्याला विचारलं, कॉफीवाल्याला विचारलं, एका लेकुरवाळीला विचारलं. भरदुपारी सगळे टक्क जागे होते आणि तिघांनी एकच दिशा दाखवली. तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

विमान उतरलं. सगळे उठले. मावशी पट्टा बांधून बसून राहिली. उतरायचं नाही, बसून राहायचं, हे तिला पक्कं पाठ होतं.

विमानातली ताई जवळ आली. "मावशी, उतरायचं आहे."

"हे विनाथांबा आहे ना?"

"हो."

"मग थांबलं कसं?"

ताईने क्षणभर विचार केला. "तुमचं गाव आलं म्हणून."

हे मावशीला पटलं.

बाहेर धाकटी कठड्याला टेकून उभी होती. मावशीकडे, मग तिच्या गळ्यातल्या टेपकडे ती बघतच राहिली.

"आलीस?"

"काय करणार," मावशी म्हणाली, "मध्ये उतरायची सोयच नव्हती."