तपासनीस बाईंचे तीन गुण

त्या वर्षी मी पहिल्यांदाच विधी शाखेच्या पेपर तपासणीला गेले. कर्वेनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर करार कायदा शिकवत होते, वय एकतीस, आणि कायम होण्याची आशा डोक्यात घट्ट बसलेली. तपासणी केंद्रात लांब बाकांवर आम्ही दहा-बारा जण. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, नुसता क्रमांक. आमच्यावर एक ज्येष्ठ सर नियामक होते, म्हणजे आम्ही दिलेले गुण योग्य आहेत की नाही ते बघणारे. नमुना उत्तरंही त्यांनीच लिहिली होती, आणि कुठलं गाईड समोर ठेवून लिहिली ते कुणीही ओळखलं असतं.

एक प्रश्न असा होता. एका सॉफ्टवेअर कंपनीने नोकरी सोडून गेलेल्या माणसाला संगणकाच्या चुकीने आणखी तीन महिने पगार दिला. त्याने पत्र लिहून विचारलं. कंपनीने लेखी कळवलं, हिशेब तपासला, रक्कम तुमचीच आहे. त्यावर त्याने ते पैसे बहिणीच्या लग्नात घातले. आता कंपनी पैसे परत मागते आहे. द्यावे लागतील का?

झाडून सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: कलम बहात्तर, चुकून आलेला पैसा परत केलाच पाहिजे, खर्च झाला ही सबब चालत नाही. हे खरंच आहे. नुसता खर्च झाला म्हणून कुणी सुटत नाही. पण मग ते कंपनीचं पत्र प्रश्नात शोभेला घातलं होतं का? साठेक पेपरांनंतर एकाने ते पत्र पाहिलं. बेताचं अक्षर, खाडाखोड, बाकीचा पेपर यथातथाच. पण इथे त्याने स्वच्छ मांडलं होतं. कलम बहात्तर लागू आहे. मात्र पैसे देणाऱ्यानेच तपासून ‘तुमचे’ म्हणून सांगितलं, घेणाऱ्याने विश्वास ठेवला, एरवी केला नसता तो खर्च केला, आणि त्यात त्याची लबाडी नव्हती. म्हणून कंपनीला आता शब्द फिरवता येणार नाही, एस्टॉपेल आड येतो. मी खुशीत दहापैकी आठ दिले. बेरीज एक्केचाळीस झाली. चाळिसाला पास.

सरांनी तो पेपर नेमका तपासायला काढला.

“मॅडम, आठ?”

“सर, प्रश्नात पत्र आहे ना. त्याचाच तर मुद्दा आहे.”

“आपण नवीन दिसता. नमुना उत्तरात एस्टॉपेल कुठे आहे, दाखवा बरं.”

“नाहीये. पण असायला हवं.”

“अहो, मग नमुना उत्तर कशाला दिलंय, भेळ बांधायला? तीन द्या. आणि पुढच्या वर्षी यायचंय ना तपासायला?”

मी तीन दिले. लाल शाईने आठ खोडून, शेजारी सही करून. बेरीज छत्तीस. नमुना उत्तर चुकीचं आहे असं लेखी द्यायची सोय होती, मला ठाऊक होती. मी चहा प्यायला गेले. माझीच मला किळस आली, पण चहा मी पूर्ण प्यायले.

चार-पाच महिन्यांनी सर आमच्या कॉलेजात आले. तपासणीचं मानधन नवीन संगणकाने त्यांना दोनदा दिलं होतं आणि आता विद्यापीठाचं परत मागणारं पत्र आलं होतं. नियामकाचं मानधन आमच्यासारखं चिल्लर नव्हतं.

“घराला रंग दिला हो त्यातून. आता कुठून आणू? तुमची भाषा चांगली आहे, जरा उत्तर लिहून द्या.”

मी म्हटलं, “सर, खर्च झाला ही सबब चालत नाही.”

ते हसले. लाज नावाची गोष्ट त्या चेहऱ्यावर कधी वस्तीला आलीच नव्हती. “तेवढं मला कळतं. असं लिहा, की मी हिशेब विभागात जाऊन विचारलं होतं, तिथल्या कारकुनाने तपासून बरोबर आहे म्हणून सांगितलं, आणि त्या भरवशावर मी खर्च केला.”

“विचारलं होतंत?”

“तो कारकून गेल्या महिन्यात निवृत्त झाला,” ते म्हणाले. “आणि हो, तुम्हाला कायम करायच्या मान्यतेची फाईल माझ्यासमोर येणार आहे.”

मी लिहून दिलं. अर्ध्या तासात दोन पानं. मुद्दे आठवावे लागले नाहीत, त्या खाडाखोड केलेल्या पेपरातले एकामागून एक येत गेले: देणाऱ्यानेच सांगितलं, मी विश्वास ठेवला, एरवी खर्च केला नसता, माझी लबाडी नाही. खाली सरांच्या सहीला जागा सोडली.

विद्यापीठाने वसुली सोडून दिली. सर बाकरवडीचा पुडा घेऊन आले, म्हणाले, “उत्तर अगदी पैकीच्या पैकी गुणांचं झालं हो.”

ज्याचं ते उत्तर होतं त्याला मी तीन दिले होते.