पुढचा आकडा एक

जेसल पार्कमधल्या आपल्या हॉलमध्ये मृणालिनीबाई नोकरीच्या परीक्षांची गणितं शिकवायच्या. अक्षरांच्या बेरजा ही त्यांची खासियत: प्रत्येक अक्षर म्हणजे एक वेगळा आकडा, कुठलं अक्षर कुठला आकडा ते शोधायचं. संसारापायी स्वतःची बँकेतली नोकरी सोडलेली, म्हणून पोरींनी तरी कमावतं व्हावं यासाठी बाईंचा नुसता जीव तुटायचा. खडू आपटून सांगायच्या, "उत्तरात रकमांपेक्षा एक आकडा वाढला ना? मग सगळ्यात पुढचा आकडा डोळे झाकून एक!" का, ते सांगायचं घाईघाईत राहूनच जायचं.

नवघरची संचिता त्यांची लाडकी. दोन हजार सातची गोष्ट. तिच्या वडिलांचा भांड्यांचा कारखाना बंद पडला होता. पोरीला कंपनीत नोकरी लागली तर इथेच राहायचं, नाहीतर खोली विकून सगळ्यांनी रत्नागिरीला जायचं, असं घरात ठरलेलं.

कंपनीची परीक्षा देऊन पोरगी उड्या मारतच आली. "बाई, एकाच बेरजेवर तीन प्रश्न! एए, बीबी, सीसी मिळवून डीईडी. तुमचं आठवलं, लगेच डी एक धरला. एककात अकरा, हातचा एक, दशकात बारा. एकशे एकवीस! ए, बी, सी विचारलेच नव्हते, म्हणून शोधत नाही बसले. वेळ वाचला!"

बाईंनी मनातच बेरीज मांडली. तीन रकमा! दोन रकमांत हातचा एकच येतो, तिनांत दोनही येतो. शिवाय अकरा होणार कसे? एक आणि दोन वापरून झाले, सुरुवातीला शून्य चालत नाही; राहिलेल्यांत सगळ्यांत लहान तीन, चार, पाच, त्यांचेच बारा होतात. म्हणजे हातचा दोन. एककात बावीस, दशकात चोवीस. दोनशे बेचाळीस. तिन्ही प्रश्न चुकले, वर चुकीच्या उत्तरांचे गुणही कापले जाणार.

"बाई, बरोबर आहे ना?"

"चहा घेतेस?" म्हणत बाई स्वयंपाकघरात गेल्या.

निकाल लागला. चार गुणांनी गेली. खोलीला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. निघायच्या आदल्या संध्याकाळी संचिता निरोप घ्यायला आली, तेव्हा बाईंना राहवलं नाही. त्यांनी फळ्यावर ती बेरीज मांडली, हातचा दोन लिहिला आणि रडू लागल्या. "माझ्यामुळे गेली गं तुझी नोकरी. मी पोपटासारखा नियम शिकवला, कारण शिकवलंच नाही."

संचितानं फळ्यावरच्या दोनावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मला पेपरात वाटलं होतं बाई, तीन रकमा आहेत, दोनही येईल. दोन लिहिलाही होता."

"मग?"

"खोडला. म्हटलं, बाई चुकायच्या नाहीत."