बिलाबाहेरचा नळ

पाण्याच्या कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात अंजनाबाई ढोके पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या काखेत पाणी भरायची रिकामी गुंडी होती. जरीपटक्याच्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत त्या एकोणीस वर्षांपासून मदतनीस होत्या. पोरांच्या खिचडीला पाणी नव्हते म्हणून सेविकाबाईंनी सुट्टी देऊन टाकली होती आणि अंजनाबाई तशाच, पदर खोचलेल्या अवस्थेत, चालत आल्या होत्या. केंद्रात थंडगार हवा होती. भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचे चित्र आणि त्याखाली 'आपले समाधान हेच आमचे ध्येय' असे वाक्य. टोकनच्या यंत्राने आधी ग्राहक क्रमांक मागितला. अंजनाबाईंकडे तो नव्हता. तेव्हा टोकन निघाले नाही, आणि टोकन नाही म्हणून खुर्चीवर बसू नका, असे सुरक्षारक्षकाने सांगितले.

काउंटरवरची मुलगी अतिशय नम्र होती. तिने अंजनाबाईंना मॅडम म्हटले, पाणी प्यायला दिले, सगळे ऐकून घेतले आणि मग सांगितले की ग्राहक क्रमांक टाकल्याशिवाय संगणकावर तक्रारीची खिडकीच उघडत नाही.

"मंग आमचा नळ तोडला ते कोठी सांगू?"

"मॅडम, तो नळ कुणाच्या नावावर होता?"

"साऱ्यायच्या."

मुलीने खेदाने मान हलवली. 'साऱ्यायच्या' असा रकाना तिच्याकडे नव्हता.

तो नळ गल्लीच्या तोंडाशी होता. वस्तीतली बहुतेक घरे छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांची. अंजनाबाईंचे सासरे गिरणीत होते, आणि त्यांच्या पिढीने महापालिकेवर मोर्चे नेऊन तो नळ मिळवला होता. म्हातारे सांगत की नळाला पहिल्यांदा पाणी आले त्या दिवशी बाबासाहेबांची तसबीर तिथे आणून ठेवली होती. महाडच्या तळ्याची गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ. त्यामुळे नळावर भांडणे कितीही झाली तरी एक रीत कुणी मोडत नसे. गुंड्या रांगेत लागत, ज्या घरी आजारी माणूस किंवा मयत असेल त्या घराची गुंडी पुढे सरकवली जाई, आणि पाणी मागणाऱ्याला, मग तो वस्तीचा असो वा रस्त्यावरचा, परत पाठवले जात नसे. सासू गेल्यापासून रांग लावण्याचे काम अंजनाबाईंकडे आले. ते त्यांनी कधी मागितले नव्हते. आवाज मोठा होता, एवढेच.

घरोघरी नळ का नव्हते, याचे उत्तर साधे होते. वस्तीखालची जमीन कुणाची यावर सरकारच्याच दोन खात्यांचा वाद होता. म्हणून घरांना जमिनीचे पट्टे मिळाले नाहीत. पट्टा नाही म्हणून ना-हरकत दाखला नाही. दाखला नाही म्हणून मीटरची जोडणी नाही. म्हणजे ज्यांना ग्राहक होण्याची मनाई होती, त्यांनाच ग्राहक नसल्याबद्दल परत पाठवले जात होते.

आणि नळ का तुटला, याचे उत्तर करारात होते. पाणी पुरवण्याचे काम महापालिकेने कंपनीला दिले, देखरेख स्वतःकडे ठेवली. काम मोजायची मापे ठरली: तक्रार किती तासांत मिटली, ग्राहक किती समाधानी, आणि जलशुद्धीकरण केंद्रातून सोडलेल्या पाण्यापैकी किती पाणी बिलात उतरले नाही. हा शेवटचा आकडा खाली आला की कंपनीचा मोबदला वर जाई. गळकी पाइपलाइन, चोरून घेतलेली जोडणी आणि सार्वजनिक नळ ही तिन्ही त्या एकाच आकड्यात मोडत. गळती शोधायला रस्ते खोदावे लागतात. चोर पकडायचा तर त्याच्या ओळखीपाळखीही निस्तराव्या लागतात. नळ तोडायला एक पाना पुरतो. एप्रिलच्या एका सकाळी दोन माणसे आली, पाना लावला, टोपण बसवले आणि चालती झाली. त्या महिन्याच्या अहवालात वस्तीची तहान वाचलेले पाणी म्हणून दाखवली गेली असणार. कामगिरी सुधारली.

केंद्रातून परत येताना अंजनाबाईंनी रस्त्यापलीकडच्या मारोतराव शेंडेंचे दार वाजवले. मारोतरावांचे घर पक्के, जोडणी मीटरची. ते निवृत्त पोस्टमन होते आणि त्यांचा स्वभाव थट्टेखोर.

"वहिनी, माहा नंबर घ्या ना," ते म्हणाले. "बायको सोडून माह्या नावावर तेवढंच एक हाये."

त्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदली गेली, मोबाइल मात्र अंजनाबाईंचा दिला. 'पाणी येत नाही' एवढेच लिहिता येत होते. बाकीचे पर्याय आधीपासून छापलेले होते. दुसऱ्याच दिवशी फोन आला. तुमच्या तक्रारीची दखल घेतली आहे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असे पलीकडचा आवाज म्हणाला. दखल घेतली म्हणजे नळ येतो, असे अंजनाबाईंना वाटले. त्यांनी आकडे एकेक करून वाचून दाखवले.

संध्याकाळी सून माया हिने मोबाइलवरचा संदेश वाचला. कंपनीचा माणूस मारोतरावांकडे येऊन त्यांची तोटी सोडून पाहून गेला होता. पाणी येत होते. ग्राहकाने ओटीपी देऊन संमती दिल्याने तक्रार विहित वेळेत निकाली, ग्राहक समाधानी.

अंजनाबाईंनी तो संदेश पुन्हा एकदा वाचायला लावला. मग मायाला म्हणाल्या, "माह्याच तोंडून वदवून घेतलं वं त्यायनं."

त्या दिवसापासून त्यांच्या रागाला जागा मिळाली. तोवर तो टोपणावर होता, पान्यावर होता, उन्हावर होता. आता त्यांना दिसले की आपल्याशी कुणी भांडतच नाही. भांडण असते तर दुसरी बाजू असती. इथे नम्र माणसे होती, आणि त्यांच्या नम्रतेला कुठे हातच घालता येत नव्हता.

आठवड्याभराने कंपनीचे जनसंपर्क अधिकारी मुकुंद वस्तीत आले. तरुण, स्वच्छ शर्ट, पायात महागडे जोडे. त्यांनी अंजनाबाईंना काकू म्हटले आणि एक मार्ग सुचवला. नळ परत बसवू, पण मीटरसकट, समूह जोडणी म्हणून. नाव अंजनाबाईंचे. घरोघरी पैसे त्यांनी गोळा करायचे. जो देणार नाही त्याला त्यांनीच थांबवायचे. थकबाकी झाली तर जोडणी कापली जाईल.

"तुमचं सगळे ऐकतात म्हणून तुमचं नाव घेतलं, काकू. हा तर सन्मान आहे."

बायका आशेने पाहत होत्या. मे महिना तोंडावर होता. रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या बोअरचे खारे पाणी आणून आणून खांदे उतरले होते. अंजनाबाईंनी हो म्हटले असते तर चार दिवसांत पाणी आले असते, हे त्यांना पक्के कळत होते. मायानेही हळूच, घेऊन टाका, असे सुचवले.

अंजनाबाईंनी विचारले, रस्त्यावरचा रिक्षावाला आला तर? मुकुंद म्हणाले, तो तुमचा विषय. ज्या घरचा माणूस महिनाभर दवाखान्यात आहे आणि पैसे नाहीत ते घर आले तर? तोही तुमचा विषय.

"म्हंजे पाणी तुमचं, पैसे तुमचे, आन् नाही म्हणाचं पाप माहं," अंजनाबाई म्हणाल्या. "ज्या नळावरून कोणी वापस गेलं नाही, तिथं मी दांडा घेऊन उभी राहू काय? जा बापू. मले सन्मान नाही पाहिजे."

मुकुंद गेले. काही बायका त्या दिवशी अंजनाबाईंशी बोलल्या नाहीत. त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही. तहानेला तत्त्व पाजता येत नाही.

मग उरले महापालिकेचे झोन कार्यालय. नगरसेवक कुणी नव्हते. दोन वर्षांपासून निवडणूकच झाली नव्हती, कारभार प्रशासकाच्या हाती होता. पाण्याचे काम पाहणारे अभियंता मधुसूदन हे निवृत्तीला आलेले, थकलेले, वाईट नसलेले गृहस्थ. त्यांनी तेच सांगितले जे अशा प्रत्येक टेबलावर सांगितले जाते. पुरवठा कंपनी करते. आम्ही फक्त देखरेख करतो. कंपनी म्हणते, हे लोक आमचे ग्राहक नाहीत. त्यात तिचे काही चुकत नाही.

"कंपनीची मी ग्राहक नाही, बरोबर," अंजनाबाई म्हणाल्या. "मंग साहेब, तुमची मी कोण?"

मधुसूदन जरा चाचरले. लाभार्थी, असे काहीसे पुटपुटले.

अंजनाबाईंना अंगणवाडीची एक रीत ठाऊक होती. एखाद्या पोराला आहार नाकारायचा तर सेविकेला तसे कारण लिहून खाली सही करावी लागे. पर्यवेक्षिका ते तपासत. त्यामुळे एकोणीस वर्षांत कुठल्याही पोराला आहार नाकारलेला त्यांनी पाहिला नव्हता. तोंडाने नाही म्हणणे सोपे असते. त्याच रीतीने त्या इथे बोलल्या. तक्रार नको, अर्ज घ्या. आवक टेबलावर शिक्का मारा. आणि पाणी देणार नसाल तर तसे लिहून द्या. महापालिका या वस्तीला पाणी देणार नाही, कारण अमुक. खाली तुमची सही.

मधुसूदनांनी पेन उचलले, आणि ते हातातच राहिले. पाणी पुरवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. त्या कर्तव्याला बिलाची अट नाही. घर अनधिकृत असले तरी तिथल्या माणसाला पाणी सरसकट नाकारता येत नाही, असे उच्च न्यायालयानेही म्हटलेले आहे. हे मधुसूदनांना पक्के माहीत होते. ग्राहकाला हसून परत पाठवता येत होते; नागरिकाला दिलेला लेखी नकार न्यायालयात उभा राहिला असता, आणि त्याखाली त्यांचे नाव असते.

"लिवा ना साहेब, काहून थांबले? आम्ही बसून राहिलो."

त्या खरेच बसल्या. मागून आलेल्या बायकांनी रिकाम्या गुंड्या टेबलापासून जिन्यापर्यंत रांगेत लावल्या, नळावर लावत तशा. रुसलेल्याही आल्या होत्या. कार्यालय सुटेपर्यंत कुणी घोषणा दिली नाही. मधुसूदनांनी अर्जावर आवक शिक्का मारला. नकार लिहिला नाही, होकारही लिहिला नाही. ते आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलले.

तिसऱ्या दिवशी तेच दोघे पाना घेऊन आले आणि टोपण काढून नळ बसवून गेले. मीटर नव्हते. पाणी आले तेव्हा बायकांच्या रांगेत धक्काबुक्की झाली, हसणे झाले, शिव्याही झाल्या. अंजनाबाईंनी दवाखान्यातल्या माणसाच्या घरची गुंडी पुढे सरकवली.

मागोमाग मुकुंद आले. सोबत छायाचित्रकार आणि एक पाटी: 'ग्राहक सद्भावना उपक्रम'. झोनच्या फोनमुळे कंपनीला विशेष बाब म्हणून अंजनाबाईंच्या मोबाइलवर तक्रार नोंदवावी लागली होती. ग्राहक क्रमांकाशिवाय खिडकी उघडते, हे त्या दिवशी कळले. आता ती तक्रार बंद करायची होती.

"काकू, ओटीपी आला असेल. आणि नळाशी उभं राहून एक फोटो."

"तुमच्या मर्जीनं आला ना नळ? मर्जी फिरली का जाईन. कागुद कोठी हाये?"

कागद नव्हता. मुकुंद समजावणीच्या सुरात म्हणाले की ओटीपी दिला नाही तर तक्रार उघडीच राहील, दर महिन्याच्या अहवालात लाल दिसेल, वरून विचारणा होईल.

"होऊ द्या."

"पण काकू, पाणी तर येतंय. मग तुम्ही समाधानी नाही का?"

अंजनाबाईंनी तोटी बंद केली, हात पदराला पुसले. ओटीपीचा संदेश मोबाइलवर झळकत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. मग मायाला हाक मारून त्यांनी गुंडी उचलली, आणि अर्जाचे उत्तर विचारायला झोन कार्यालयाच्या वाटेला लागल्या.