आम्ही तर येणारच होतो

टोलेडोच्या मराठी मंडळाचा खजिनदार प्रल्हाद कोठावदे हा माणूस मुळात वाईट नव्हता. फक्त त्याला बेरीज येत होती, आणि मंडळात ज्याला बेरीज येते त्याच्या गळ्यात खजिना पडतो. खजिना म्हणजे काय, तर डिपॉझिट धरून एकवीसशे डॉलर. एवढ्यावर दरवर्षी दिवाळीचं स्नेहसंमेलन उभं राहायचं आणि दरवर्षी नवा अध्यक्ष भाषणात म्हणायचा की मंडळाची आर्थिक स्थिती भक्कम आहे. तेवढ्या एका वाक्याला प्रल्हाद टाळी वाजवत नसे.

त्या वर्षीच्या संमेलनाला एक कारण जास्तीचं होतं. सिंधूकाकी गुळवणी गाव सोडून चालल्या होत्या. घर विकलं गेलं होतं, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधी मुलगी येऊन त्यांना ॲरिझोनाला नेणार होती. तिकडे ऊन आहे, गुडघ्यांना बरं, असं सगळे म्हणायचे. काकी काही म्हणत नसत. ऑगस्टमधल्या बैठकीत मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की या वर्षीचा मसालेभात त्या टाकणार. गुडघे गेल्यापासून चार-पाच वर्षं त्या खुर्चीवर बसून नुसत्या चव सांगत होत्या. या वेळी उभ्या राहून, स्वतःच्या हातानं, अडीचशे माणसांचा.

"एकदा गाव जेवू घालते आणि मग जाते," त्या म्हणाल्या. अध्यक्ष मृणाल बिडकर हिनं घाईघाईनं पुढचा विषय घेतला, कारण तिला रडताना बैठक चालवता येत नसे.

प्रल्हादचं आणि काकींचं जुनं होतं. बावीस वर्षांपूर्वी धुळ्याहून आलेला हा पोरगा, नोकरीला लागून आठवडा झालेला, कुणाकडून तरी ऐकून थेट संमेलनाच्या दारात येऊन उभा राहिला. तिकीट लागतं हे त्याला माहीत नव्हतं आणि खिशात पहिला पगार यायचा होता. दारावरचा माणूस नियम सांगत होता. तेवढ्यात आतून पदर खोचलेल्या काकी आल्या, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तिकीट नाही? मग कांदा काप." त्यानं अर्धं पोतं कांदा कापला, पोटभर जेवला, आणि पगार झाल्यावर पैसे नेऊन दिले. तेव्हापासून मंडळात ती पद्धतच पडली. स्वयंपाकघरातली माणसं तिकीट आधी काढत नाहीत. दिवसभर राबायचं, जेवायचं, आणि निघताना दारावर पैसे द्यायचे. कोणी बुडवलं असं कधी झालं नाही.

आता त्या वर्षीचं गणित. शाळेचं सभागृह, कँटीन आणि स्वयंपाकघर मिळून बत्तीसशे. ध्वनिव्यवस्था सहाशे, विमा अडीचशे. माणसं किती का येईनात, हे चार हजार पन्नास लागणारच. जेवण घरचेच लोक करणार म्हणून ताटामागे आठ डॉलरचाच किराणा. तिकीट मोठ्यांना तीस, मुलं आणि म्हातारी माणसं धरून सरासरी अठ्ठावीस. म्हणजे माणसामागे वीस डॉलर सुटतात, आणि दोनशे तीन माणसं आली की मंडळ काठावर लागतं. हे सगळं प्रल्हादनं एका पानावर मांडलं होतं. मृणालनं ते पान पाहून विचारलं होतं की तीन माणसं कुठली धरलीस, आणि दोघंही हसले होते.

हसू ऑक्टोबरपर्यंत टिकलं. शाळेचा नियम असा की संमेलनाच्या तीन आठवडे आधी, शुक्रवारी पाचपर्यंत हॉल सोडला तर आठशेचं डिपॉझिट तेवढं जातं. नंतर सोडला तर पूर्ण भाडं. आणि त्या शुक्रवारी तिकिटं विकली गेली होती एकाहत्तर.

प्रल्हादनं दोन वेळा ईमेल पाठवली होती. मंडळाची ईमेल हा वाचण्याचा प्रकार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तरी दुसऱ्या वेळी त्यानं विषयात 'तातडीचे' असं लिहिलं, त्यामुळे ती आणखी कमी लोकांनी उघडली. आदल्या वर्षी असंच झालं होतं. "लोक शेवटी येतात रे," म्हणून सगळे निर्धास्त राहिले, ऐन दिवशी बर्फ पडलं आणि साठ ताटं उरली. तो आठवडाभर गाडीत श्रीखंडाचे डबे घेऊन घरोघर फिरला होता. मंडळाला फटका बसला तेराशेचा. तेव्हा भरसभेत कुणीतरी विचारलं होतं, "खजिनदार काय करत होते?" ते विचारणारा जेवायला चार पाहुणे घेऊन आला होता, आणि तिकिटं काढली होती दोन.

दुपारी फोनवर बैठक झाली. प्रल्हादनं आकडे सांगितले. एकाहत्तरच माणसं आली तर खड्डा सव्वीसशे तीसचा, आणि सगळा खजिना एकवीसशेचा. म्हणजे मंडळच बुडणार. आज सोडला तर आठशेवर भागतं, वसंतात गुढीपाडवा तरी करता येईल. मृणाल म्हणाली की लोक येतील. त्यानं विचारलं, किती? तिला आकडा सांगता येईना. "काकींचं काय?" एवढंच ती म्हणाली. मग मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. तिसरं मत प्रल्हादचं.

पाचाला दहा कमी असताना त्यानं शाळेच्या कार्यालयाला कळवलं आणि सात वाजता सगळ्यांना निरोप पाठवला की संमेलन रद्द.

हा निरोप मात्र गावानं वाचला.

पहिला फोन सात वाजून गेल्यावर लगेच आला. "अहो प्रल्हादभाऊ, रद्द कसं? आम्ही तर येणारच होतो." दुसरा तोच. तिसरा तोच, फक्त त्यात आईवडील इंडियातून आलेत ही भर. एकानं सांगितलं की मी नाटुकल्यात राजा आहे, मी येणार नाही असं वाटलंच कसं तुम्हाला. तिकीट का काढलं नाही असं विचारलं की सगळे खरोखर गोंधळात पडायचे. घरच्या कार्याला जायचं ते काय आधी कळवून? तिकीट काय, दारावर काढतोच की.

फोन ठेवून तो सुन्न बसला, तेव्हा त्याची बायको उर्मिला त्याच्यासमोर स्वतःचा फोन धरून उभी राहिली. 'फोडणी पथक' नावाचा स्वयंपाकवाल्यांचा ग्रुप. प्रल्हादही त्यात होता, पण गणपतीत मोदकांवरून चारशे मेसेज आले तेव्हा त्यानं त्याचा आवाज बंद केला होता, तो बंदच राहिला. एक्केचाळीस माणसं. काकडी कोण चोचवणार, पुऱ्या लाटायला कुठली चौघं, काकींना बसायला उंच स्टूल कोण आणणार, मोठं पातेलं कुणाच्या व्हॅनमध्ये मावतं, सगळं ठरलं होतं. एकानं काकींचा भात ढवळायला घरी लाकडी उलथनं तासून घेतलं होतं. त्याचा फोटोही होता. प्रत्येकामागे घर धरलं तर दीडशे माणसं इथेच होती. यांतल्या एकाचंही तिकीट त्याच्या आकड्यात नव्हतं.

"मला विचारायचंस तरी," उर्मिला म्हणाली.

"तू कुठे सांगितलंस?"

"तुला माहीत नाही? तूच तर तसा आलास."



सोमवारी कार्यालय उघडताच त्यानं फोन लावला. तारीख शनिवारीच एका नृत्यशाळेनं ऑनलाइन धरली होती. पुढची मोकळी तारीख जानेवारीत. मग त्यानं गावातले हॉल पालथे घातले. एका ठिकाणी जागा होती, पण जेवण त्यांच्याच आचाऱ्याकडून घ्यायची सक्ती, ताटाला बावीस डॉलर. दुसरीकडे स्वयंपाकघर होतं, पण माणसं ऐंशीच मावणार. मृणाल म्हणाली की माझ्या घरी चाळीस जण बसतील, काकींना विचारू या. तिनं विचारलंही. काकी म्हणाल्या, चाळीस माणसांचा भात मी रविवारी घरीसुद्धा टाकते बाई, कशाला त्रास.

मग परतावे सुरू झाले. एकाहत्तरांपैकी सत्तर तिकिटं कार्डावर काढलेली होती, ती बटण दाबून परत गेली. एक रोखीचं होतं. विक्री सुरू झाली त्या दिवशी सगळ्यांत आधी काढलेलं, ज्येष्ठ नागरिक, वीस डॉलर. सिंधूकाकी.

जी बाई दिवसभर पातेल्यापाशी उभी राहणार होती तिनं आपलं तिकीट मात्र आधी काढून ठेवलं होतं.

तो नोट घेऊन त्यांच्या घरी गेला. दारात खोके रचलेले होते. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. काकींनी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. उर्मिला कशी आहे, पोरीचा बास्केटबॉल कसा चाललाय हे विचारून झालं. त्यानं नोट टेबलावर ठेवली.

"हे कशाला?"

"तिकिटाचे, काकी. सगळ्यांचे परत केले."

"पुढच्या वर्षीचं धर."

बोलून गेल्यावर काकींचं काकींनाच कळलं. त्यांनी नोट उचलली आणि मिठाच्या बरणीखाली सरकवली. ती बरणी अजून खोक्यात गेली नव्हती.

"माझं चुकलं, काकी."

"हिशोब नाही चुकला तुझा," त्या म्हणाल्या. "मृणालनं दाखवलं मला पान. मी मांडला असता तरी आकडे तेच आले असते." मग त्याच्याकडे न बघता, "एक फोन करायचा होतास रे. शुक्रवारी. मी सगळ्यांना सांगितलं असतं की काढा बाबांनो तिकिटं. मी सांगितलं तर काढली असती."

काढली असती. पाच वाजायच्या आत काढली असती, हे त्यालाही कळत होतं. बावीस वर्षांत त्या बाईनं एखादी गोष्ट सांगितली आणि गावानं केली नाही असं झालं नव्हतं. हॉल, विमा, ताट, सगळं त्यानं कागदावर धरलं होतं आणि हे धरायचं राहून गेलं होतं.

काकी टेबलाला धरून उठल्या. आता आलायस तर जेवूनच जा म्हणाल्या, मसालेभातच टाकते. ओट्यावर त्यांनी छोटं पातेलं ठेवलं. मोठं कुठंय असं त्यानं विचारलं नाही, कारण तेही दारातल्या खोक्यांच्या ढिगातच होतं, वर चिठ्ठी चिकटवलेलं, 'मंडळासाठी'.

जुन्या सवयीनं तो उठला, बाह्या सारल्या आणि सुरीसाठी हात पुढे केला.

"बस तू," काकी म्हणाल्या. "दोघांपुरता कांदा. त्याला माणूस कशाला लागतोय?"

तो परत बसला. त्यांनी एकच कांदा घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून हळूहळू कापायला लागल्या.