दोनशे दहाच्या जागी ब्याण्णव

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. काय यायला हवं होतं, काय आलं आणि कुठल्या मशीनवर, हे तीन मुद्दे न लिहिता कुणी बग, म्हणजे सापडलेली चूक, नोंदवला की मी तो परत पाठवते. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणणाऱ्या डेव्हलपरला तर मी सोडतच नाही. टीममध्ये मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

आम्ही मुळशीतल्या रिहे गावात घर घेतलं तेव्हा ताम्हिणीकडच्या एका वाडीच्या सरपंचबाईंशी ओळख झाली. वाडी डोंगराच्या पायथ्याशी. चोवीस तासांचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या वर गेला की सगळ्यांनी शाळेत मुक्कामाला जायचं, हे गावानंच ठरवलेलं. पर्जन्यमापक एका घराच्या अंगणात. संध्याकाळी त्या घरातले सासरे आकडा बघून वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सून. त्या ओळी एका फाइलीत चिकटवायच्या, बेरीज करायची आणि दोनशे ओलांडले की इशारा द्यायचा, एवढाच एक छोटा प्रोग्राम, म्हणजे पायथन भाषेतली स्क्रिप्ट, मी हौसेनं लिहून दिला.

एका शनिवारी सकाळी धो धो पाऊस होता आणि स्क्रिप्ट म्हणाली, ब्याण्णव. सरपंचबाईंनी बोटांवर बेरीज केली, दोनशे दहा आले, आणि त्यांनी वाडी हलवली. मग मला फोन.

“म्याडम, आमची बोटं हायेत म्हणून बरं. तुमची मशीन नीट हुईस्तवर तिचं नावच काढू नका.”

रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. त्यांनी मोजलं नसतं, तर माणसं डोंगराखालीच राहिली असती.

रविवारी सकाळी प्रोग्रामरांच्या एका फोरमवर मी प्रश्न टाकला. नमुनेदार! अपेक्षित उत्तर २१०, आलेलं उत्तर ९२, विंडोज, पायथन तीन, संपूर्ण कोड आणि फाइलीतल्या दोन ओळी. चहा संपायच्या आत उत्तरं आली. एकानं लिहिलं, ‘माझ्याकडे २१० येतंय.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘माझ्याकडेही. इथे बगच नाही.’ तिसऱ्यानं मला काळजीपूर्वक टेस्टिंग करायला शिका असा सल्ला दिला. मला! नवरा हसायला लागला, तर त्याला मी स्वयंपाकघरात पिटाळलं.

मग एक शांत उत्तर आलं. ‘या ओळी तुम्ही फाइलीतून उचलल्या आहेत, की हातानं टाइप केल्या आहेत?’

हातानं केल्या होत्या. सुनेनं ‘92’ लिहिलं होतं, सासऱ्यांनी ‘११८’. परदेशातल्या लोकांना आपले आकडे कसे वाचता येणार, म्हणून पाहुण्यांसाठी घर आवरावं तसं मी ‘११८’चं इंग्रजी करून टाकलं होतं. बगच पुसला आणि मग बग शोधा म्हणून जगाला विचारलं. मशीनची सगळी माहिती दिली, पण आमच्या वाडीत आकडे कसे लिहितात ते लिहिलंच नाही.

मी मूळ ओळी जशाच्या तशा चिकटवल्या आणि खाली लिहिलं, ‘हे आमचे आकडे आहेत.’

त्याच माणसानं उत्तर दिलं. मी स्क्रिप्टला सांगितलं होतं, ओळीत शून्य ते नऊ शोध, म्हणजे फक्त इंग्रजी. ते सापडले नाहीत तर ओळ गुपचूप सोडून दे, हेही मीच लिहिलेलं. ‘कुठलाही अंक’ असं म्हणायची खूण पायथनमध्ये वेगळी आहे, ती वापरा. पुढे त्यानं लिहिलं, ‘आकड्यात रूपांतर करणाऱ्या फंक्शनला देवनागरी आधीपासूनच कळतं. तुम्ही दारातच अडवत होता.’

एक खूण बदलली. दोनशे दहा आले. आकडा न सापडलेली ओळ आता ओरडून सांगायची, हेही घातलं. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

सरपंचबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मग म्हाताऱ्याला सांगते, विंग्रजीत टाकत जा. सोपं हाय की.”

“अजिबात नाही,” मी म्हणाले. “त्यांनी आकडा बरोबर लिहिला होता, बाई. चूक माझ्या स्क्रिप्टची. सुधारायचं तर तिनं सुधारायचं.”

मग म्हणाल्या, “आता कशावर इस्वास ठेवायचा? बोटांवर की मशिनीवर?”

“दोन्हींवर. जुळलं नाही तर मला कळवा.”

मंगळवारी पुन्हा पाऊस लागला. संध्याकाळी सासऱ्यांनी लिहिलं १३१, बुधवारी सकाळी सुनेनं 95. इशारा गेला तेव्हा मी ऑफिसात होते. दुपारी ग्रुपवर फोटो आला: शाळेच्या ओसरीवर वाडीतली सगळी माणसं, चुलीवर भाताचं पातेलं. खाली सरपंचबाईंचा आवाज रेकॉर्ड केलेला.

“म्याडम, दोनशे सव्वीस. ह्या वक्ताला बोटं मोजायच्या आधीच वाडी हलवली.”

तो मेसेज मी हेडफोन काढून सगळ्या टीमला मोठ्यानं ऐकवला.